अब्बा-अम्मींचा हक आणि आपली बचत : पगार एकच, हिशेब दोन

आम्ही शिरूरला राहतो आणि अब्बा-अम्मी दौंडला. आमच्यापैकी एक जण रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे, दुसरी घरी शिलाई करते. दौंडच्या जुन्या घरी भाईजान आणि भाभी आई-वडिलांजवळ राहतात. आपा लग्न होऊन केडगावला गेली. तिथे ती मुलांच्या शिकवण्या घेते. अब्बांचे सायकल-पंक्चरचे दुकान होते. गुडघे थकले तेव्हा त्यांनी ते भाड्याने दिले. त्याचे महिन्याला दीड हजार येतात. असे घर आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे असेल, म्हणून आमचा हिशेब आम्ही उघड मांडतो आहोत.

कारखान्याचा पगार 20,400 रुपये. त्यातून पीएफचे 1,800, ईएसआयसीचे 153 आणि व्यवसाय कराचे 200 कापले जातात. हातात सव्वाअठरा हजार येतात. शिलाईचे साडेचार हजार धरले की महिन्याचे सुमारे 22,700 होतात. घरभाडे, किराणा, मुलीची शाळा, लाईट, पेट्रोल यांत 15,900 जातात. आई-वडिलांसाठी आमचे 5,800 जात होते. त्यात औषधे 2,600, भाईजानच्या हातात रोख 2,500 आणि न्हावरे-चौफुला मार्गे येण्याजाण्याचे 700. राहिलेले हजार रुपये आम्ही भिशीत टाकत होतो. भिशी साधी होती, तीस जणांची, नंबराप्रमाणे पैसे मिळणारी. तिच्यात लिलाव नाही आणि व्याजही नाही.

मागच्या वर्षी रमजानच्या आधी अम्मी मोरीत पाय घसरून पडल्या आणि मांडीचे हाड मोडले. घाईत त्यांना जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेले. शस्त्रक्रिया झाली, बिल झाले 1,35,000. भिशीतल्या एका बहिणीने आपला नंबर आम्हाला दिला, त्याचे 30,000 मिळाले. मामूंनी 45,000 कर्जे हसना दिले. उरलेल्या 60,000 साठी घरातल्या बांगड्या मोडल्या. त्या बांगड्या लग्नातल्या मेहेरच्या होत्या.

अल्हम्दुलिल्लाह, अम्मी आता काठी घेऊन चालतात. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न आमच्या घरात बसून राहिला होता. आई-वडिलांसाठी खर्च केला याचे दुःख कोणालाच नव्हते. मात्र मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाला एक रुपया उरला नव्हता, आणि आमच्या म्हातारपणासाठीही नाही. म्हणजे वीस वर्षांनी आमची मुलगी याच जागी उभी राहणार होती.

एक कागद, चार माणसे

ईदनंतर दौंडला सगळे एकत्र बसलो. भाईजानने वही काढली. आई-वडिलांना महिन्याला किती लागते, हे आजवर कोणी लिहिलेच नव्हते. प्रत्येक जण आपापल्या परीने देत होता आणि प्रत्येकाला वाटत होते की आपणच जास्त देतो.

लिहायला बसल्यावर पहिलीच गोष्ट निघाली ती औषधांची. ब्लड प्रेशरची तीच गोळी आम्ही शिरूरहून आणत होतो आणि भाईजानही दौंडला घेत होते. कंपनी वेगळी, डबीवरचे नाव वेगळे, आतले औषध एकच. डब्यात तीन महिन्यांच्या गोळ्या साठल्या होत्या. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे अब्बा कधीकधी दोन्ही घेत होते. तुमच्या घरी असे होते का, हे पाहायचे असेल तर सगळी पाकिटे एका परातीत ओता आणि मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेले औषधाचे मूळ नाव वाचा. दोन पाकिटांवर एकच मूळ नाव निघाले तर डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

डॉक्टरांकडून मूळ नावाची चिठ्ठी लिहून घेतली. प्रेशर आणि साखरेच्या गोळ्या दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयातून मिळू लागल्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथे जे मिळत नाही ते जनऔषधी केंद्रातून घेतो. औषधांचा खर्च महिना 1,200 वर आला. तिथली अडचणही सांगायला हवी. काही वेळा एखादी गोळी शिल्लक नसते. म्हणून पाकीट संपायच्या आठ दिवस आधी चक्कर मारावी लागते.

मग पूर्ण यादी झाली. चुलीचा खर्च 3,500, औषधे 1,200, दूध-फळे 1,000, लाईट-गॅसमधला वाटा 800, रिक्षा आणि तपासण्या 500, आणि दोघांच्या हातखर्चाला 500. एकूण 7,500 झाले. हातखर्च लिहिताना अब्बा नको म्हणत होते. पण मशिदीत जाताना खिशात स्वतःचे चार पैसे असणे आणि नातवाला स्वतःच्या हाताने खाऊ देणे, ही त्यांचीही गरज आहे. तो खर्च यादीत नसला की वडील मागत नाहीत आणि आपल्याला कळतही नाही.

कोणी किती द्यायचे

इथे शरीअतचा नियम आमच्या कामी आला. हनफी फिकहप्रमाणे आई-वडिलांकडे स्वतःचे उत्पन्न असेल तर त्यांचा खर्च आधी त्यातून भागतो. जे कमी पडते ते ऐपत असलेल्या मुलांवर येते. म्हणून दुकानाच्या भाड्याचे 1,500 प्रथम वजा केले. राहिले 6,000.

यापुढचा नियम पुष्कळ घरांना माहीत नसतो. वारसाहक्कात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक वाटा मिळतो. पण गरजू आई-वडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी हनफी मताप्रमाणे ऐपत असलेल्या मुलावर आणि मुलीवर सारखीच आहे. लग्न झाले म्हणून मुलगी त्यातून सुटत नाही. देशाचा कायदाही हेच सांगतो. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध वडिलांनी पोटगीचा अर्ज केला होता. विजया मनोहर अर्बट विरुद्ध काशीराव राजाराम सवाई या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ऐपत असलेली विवाहित मुलगीही आई-वडिलांच्या पोषणाला बांधील आहे, असा निकाल 1987 साली लागला. पुढे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक ठेवलेला नाही.

आपाला हे सांगताना आम्हाला संकोच वाटत होता. ती मात्र म्हणाली, “इतकी वर्षं मला कोणी विचारलंच नाही. मी आले की फळं आणत होते आणि मनात चोरटं वाटत होतं.” तिने आपल्या शिकवणीच्या पैशातून महिना 800 कबूल केले. ही रक्कम तिच्या स्वतःच्या कमाईची आहे. तिच्या नवऱ्यावर सासू-सासऱ्यांच्या खर्चाची जबाबदारी येत नाही, म्हणून त्यांच्याकडे आम्ही काही मागितले नाही.

भाईजानने चुलीच्या खर्चातला 2,500 चा भाग आपल्याकडे घेतला. रोख रकमेत त्यांचा वाटा आमच्यापेक्षा थोडा कमी आहे. पण रात्री उठून पाणी देणे, अंघोळ घालणे, दवाखान्यात रांग धरणे हे भाईजान आणि भाभी करतात. भाभीवर तर सासू-सासऱ्यांची सेवा फर्जही नाही, ती तिची भलाई आहे. पैसे पाठवणाऱ्याने जवळ राहणाऱ्याकडून पैशापैशाचा हिशेब मागू नये, हे आम्ही त्या दिवशी ठरवले. राहिलेले 2,700 आमच्या वाट्याला आले. बेरीज जुळली.

येण्याजाण्याचेही पाहिले. बिनपगारी रजेचा एक दिवस आम्हाला सुमारे 785 रुपयांना पडतो. तो एसटीच्या भाड्यापेक्षा कितीतरी महाग आहे. आता तपासणीच्या तारखा आम्ही साप्ताहिक सुट्टीला जुळवून घेतो. प्रवासाचे 400 धरले. म्हणजे आधी 5,800 जात होते तिथे आता 3,100 जातात, आणि अब्बा-अम्मींना मिळायचे त्यात काही कमी झालेले नाही.

बचत कुठे फुटते

हिशेबाने आम्हाला एक गोष्ट पटवली. आमची बचत महिन्याच्या औषधांनी बुडवली नव्हती. ती एका दवाखान्याच्या एका बिलाने बुडवली होती. महिन्याला पाचशे वाचवणाऱ्याला 1,35,000 जमवायला बावीस वर्षांहून जास्त लागतात. तेव्हा अशा मोठ्या खर्चाला नुसत्या बचतीने तोंड देता येत नाही. तो खर्च आपल्या खिशाबाहेर कोण उचलते, ते आधीच पाहून ठेवावे लागते.

आणि इथेच आमची चूक होती. पगारातून दर महिन्याला ईएसआयसीचे 153 रुपये कापले जात होते. कारखान्यात लागताना फॉर्मवर कुटुंबाच्या रकान्यात बायको आणि मुलगी एवढेच लिहिले होते. ईएसआयसीच्या कायद्यात कुटुंब म्हणजे अवलंबून असलेले आई-वडीलसुद्धा. त्यांचे सर्व मिळून उत्पन्न महिना 9,000 रुपयांच्या आत असावे लागते. अब्बांचे दीड हजार त्यात सहज बसत होते. ते सोबत राहत नाहीत हीसुद्धा अडचण नव्हती. सोबत राहतात का, आणि नसल्यास कोणत्या गावी, असा रकाना फॉर्मवरच असतो. आमचे नाव घातलेले नव्हते, एवढेच.

आता कारखान्याच्या कार्यालयातून आधार आणि फोटो देऊन दोघांची नावे जोडली आहेत. तुम्ही किंवा तुमचा मुलगा रांजणगाव, कुरकुंभ किंवा आणखी कुठल्या कारखान्यात असेल आणि पगाराच्या चिठ्ठीत ईएसआयसीची कपात दिसत असेल, तर आपल्या ई-पहचान कार्डावर कोणाकोणाची नावे आहेत ते आजच वाचा. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. तातडीचा प्रसंग सोडून बाहेरच्या दवाखान्यात जायचे असेल तर आधी ईएसआयसीच्या दवाखान्याची चिठ्ठी लागते. मोठ्या खास उपचारांसाठी ठरावीक काळ हप्ते भरलेले असावे लागतात.

या सोयीला एक कडाही आहे. पगार महिना 21,000 च्या पुढे गेला की ईएसआयसी संपते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे तिचे दोन कालखंड आहेत. चालू कालखंड संपेपर्यंत हप्ते कापले जातात, पुढे नाही. ही मर्यादा पाहताना ओव्हरटाइम धरत नाहीत. आमच्या पगाराला सहाशेहून जास्त वाढ मिळाली की आम्ही ओळीच्या पलीकडे जाऊ. त्या वाढीचा आनंद होईलच, पण त्याच महिन्यात दुसरी सोय तयार हवी.

अब्बांसाठी ती सोय आहे. आधारवर वय 70 पूर्ण असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही योजना 29 ऑक्टोबर 2024 पासून सुरू आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार त्यात बसतो, आणि घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून असतात. ईएसआयसी असली तरी हे कार्ड काढता येते. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांच्या आधारवर अंदाजाने 1 जानेवारी ही तारीख पडलेली असते. खरे वय जास्त असेल आणि पुरावा असेल तर आजार येण्याआधीच दुरुस्ती करून घ्यावी, कारण कार्डासाठी आधारवरचेच वय धरतात. अब्बा 71 वर्षांचे आहेत, त्यांचे कार्ड निघाले. अम्मी 66 च्या आहेत, त्यांना थांबावे लागेल. ईएसआयसी संपली तर तोवर त्यांच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे.

या दोन्ही योजना फक्त यादीतल्या दवाखान्यात आणि यादीतल्या उपचारांना चालतात. भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राकडे कागद द्यावे लागतात. बिल भरून घरी आल्यावर पैसे परत मिळत नाहीत. अम्मींच्या वेळी आम्ही हे विचारलेसुद्धा नव्हते. आता दौंडच्या घरात दाराच्या मागे एक कागद चिकटवला आहे. त्यावर योजनेतले जवळचे दोन दवाखाने, कार्डांच्या प्रती कुठे ठेवल्या आहेत ती जागा, आणि आयुष्मानचा 14555 हा नंबर. रात्री दोन वाजता ज्याला गाडी बोलवायची आहे त्याला हे शोधत बसावे लागू नये.

बांगड्या कोणाच्या

महिन्याला वाचू लागलेले 2,700 आणि भिशीचे हजार मिळून आमच्या हातात 3,700 आले. त्यांची विभागणी करताना सगळ्यात अवघड बोलणे नवरा-बायकोत झाले. मेहेर ही बायकोची मालमत्ता. सासू-सासऱ्यांचा खर्च तिच्यावर नाही. तिने बांगड्या आनंदाने काढून दिल्या होत्या, पण भेट म्हणून की उसन्या म्हणून, हे त्या रात्री कोणी बोलले नव्हते. न बोललेली गोष्ट पुढे घरात कुजते. आम्ही ती बोललो. उसन्या, असे ठरले, आणि वहीत लिहिले.

आज त्या 3,700 मधून मामूंचे 1,500 जातात. ते तीस महिन्यांत फिटतील. भिशीचे 1,000 चालू आहेत, कारण पैसे आधी उचलले तरी हप्ते संपेपर्यंत भरायचे असतात. 700 अब्बा-अम्मींच्या राखीव खात्यात जातात. ते खाते अब्बा आणि भाईजान या दोघांच्या नावे आहे आणि दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतात. ज्याच्या एकट्याच्या नावावर खाते आहे तोच दवाखान्यात असला की पैसे असून हाती येत नाहीत. शेवटचे 500 आमचे. भिशी संपली की तिचे हजार बांगड्यांकडे वळतील, आणि मामूंचे फिटले की दीड हजार मुलीच्या शिक्षणाकडे.

पाचशे ही बचत वाटते का? आम्हालाही लाज वाटली होती. मग पीएफचे पासबुक पाहिले. आमचे 1,800 आणि मालकाच्या हिश्श्यातले 550 मिळून महिना 2,350 तिथे जमतात. मालकाचे आणखी 1,250 पेन्शनच्या योजनेत जातात. आमच्या म्हातारपणाची खरी बचत तीच आहे. अम्मींच्या वेळी आमचा पहिला हात तिकडेच जाणार होता. सक्तीच्या पीएफवर जी वाढ मिळते तिला अनेक उलमा व्याज मानत नाहीत. तुमच्या मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा.

कंत्राटावर काम करणारी मुले दर वेळी ठेकेदार बदलला की पीएफ काढून घेतात. मोबाईल येतो, बहिणीच्या लग्नाला हातभार लागतो. पण पेन्शनचे पैसेही काढले की सेवेची वर्षे पुन्हा शून्यापासून मोजली जातात, आणि मासिक पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. 15,000 च्या पगारावर पंधरा वर्षे भरली तर पेन्शन महिना सुमारे 3,200 होते. आज अब्बांच्या खर्चात आमचा वाटा 2,700 आहे. म्हणजे तेवढी पेन्शन अब्बांना असती तर आमचा वाटा जवळजवळ उरलाच नसता. आपण न काढलेला पीएफ हा उद्या आपल्या मुलांनी न भरायचा हप्ता आहे.

जकातचे काय

हा प्रश्न आमच्या भागात नेहमी विचारला जातो. जकात आई-वडिलांना देता येत नाही, आजी-आजोबांनाही नाही. त्यांचा खर्च आपल्यावर आधीच देणे आहे आणि जकातने आपले स्वतःचे देणे फेडता येत नाही. तो खर्च महिन्याच्या कमाईतूनच निघायला हवा. भाऊ किंवा बहीण मात्र खरोखर पात्र असेल तर त्यांना जकात देता येते, आणि त्यात नाते जोडल्याचेही पुण्य आहे. पण ती त्यांच्या गरजेसाठी द्यावी. आई-वडिलांच्या खर्चाचा आपला वाटा त्या वाटेने चुकवू नये.

सूरह बकरहच्या 215 व्या आयतीत खर्च कोणावर करावा ते सांगताना आई-वडील सर्वांत आधी येतात. सूरह बनी इस्राईलमध्ये आई-वडिलांशी वागण्याचा आदेश आहे, आणि त्याच सूरहमध्ये थोड्याच आयतींनंतर कंजुषी आणि उधळपट्टी यांच्या मधला मार्ग सांगितला आहे. दोन्ही आदेश इतके जवळ का आहेत, हे आम्हाला दौंडच्या ओट्यावर वही उघडल्यावर थोडेसे समजले.

मागच्या महिन्यात अब्बांनी आपल्या हातखर्चातून पन्नास रुपये काढून आमच्या मुलीच्या मुठीत ठेवले. म्हणाले, “तुझ्या कॉलेजच्या डब्यात टाक.” तिने टाकले. वहीत ती रक्कम आम्ही अब्बांच्या नावे लिहून ठेवली आहे.